बेचाळीस हजारांची ॲक्टिव्हा

2025 च्या दसऱ्याआधीच्या आठवड्यात सांगलीतल्या एका टेलर मास्तरांनी दोन वर्षं वापरलेली ॲक्टिव्हा 42 हजारांना जवळजवळ घेतलीच होती. इसार देऊन झाला होता, पिग्मी मोडायचा अर्ज भरला होता, घरी वहिनींनी गाडीच्या पूजेचं सामान आणून ठेवलं होतं. व्यवहार अगदी शेवटच्या पायरीवर थांबला. मी ज्या पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करतो, तिथेच मास्तरांची पिग्मी आहे, त्यामुळे यातला बराचसा भाग माझ्या टेबलासमोर घडला. वाहनकर्ज दिलं की आरटीओकडे गाडीवर बोजा चढवायचा आणि कर्ज फिटलं की उतरवून द्यायचा, हे माझं रोजचं काम आहे. मास्तरांना विचारून हे लिहितोय. नाव मात्र कुणाचंच देत नाही.

पैसे कसे साठले

मास्तरांचं दुकान खणभागात आहे. एक पायमशीन, एक मोटरवरचं मशीन, एक ओव्हरलॉक आणि इस्त्रीचं टेबल एवढ्यावरच खोली भरते. ब्लाऊज आणि पिको-फॉल बारा महिने, जूनमध्ये शाळेचे गणवेश, दिवाळीआधी मिळेल ते. राहायला सांगलीवाडीत, म्हणजे रोज आयर्विन पुलावरून सायकलने येणं-जाणं. काज-बटण ते बाहेर करून घेतात, ती पिशवी हँडलला अडकवलेली असते. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कामगारांचे गणवेश शिवायचं काम त्यांच्याकडे चालून आलं होतं. मापं घ्यायला, मग माल पोचवायला आणि दुरुस्तीला परत आणायला इतक्या फेऱ्या सायकलवर कोण मारणार, म्हणून त्यांनी ते सोडलं. दुचाकी हवी होती ती या कामासाठी.

पहिली पिग्मी त्यांनी याआधीच सुरू केली होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. दुकानात छातीएवढं पाणी होतं. मशीनची मोटर, ओव्हरलॉक, गिऱ्हाइकांचं कापड, सगळं गेलं आणि पिग्मी त्यातच संपली. मग कोरोना आला, मास्क शिवून घर चाललं. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तो चिखल काढून झाल्यावर त्यांनी नव्याने रोज 40 रुपयांची पिग्मी लावली. आमचा एजंट संध्याकाळी दुकानावर जातो, हातातल्या मशीनवर पावती फाडतो. सण, आजारपण आणि सुट्ट्या वगळून वर्षाला बारा हजारांच्या आसपास जमायचे. चार वर्षांत व्याजासह रक्कम 50 हजारांवर पोचली. चार वर्षांत त्यांनी त्यातला रुपयाही मधे उचलला नाही, हे मी खात्यावर पाहिलंय.

सौदा

त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीने जुन्या गाड्यांची देवघेव करणारा एक एजंट आला. 2023 ची 110 सीसीची ॲक्टिव्हा, किलोमीटर कमी, टायर चांगले, किंमत 42 हजार. बाजारात तशी गाडी 65 हजारांच्या खाली मिळत नव्हती. एवढी स्वस्त का, हे मास्तरांनी विचारलं आणि त्यावर मिळालेलं उत्तर असं होतं की मीही क्षणभर पटवून घेतलं असतं. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला होता. नव्या गाड्या स्वस्त झाल्या म्हणून जुन्यांचे भाव पडले, असं एजंटाचं म्हणणं. मालक नोकरीसाठी आखातात गेलाय, घरच्यांना गाडी लवकर काढून टाकायचीय, हे वर.

यातला जीएसटीचा भाग खरा होता. पण त्यामुळे नवी स्कूटर स्वस्त झाली ती सात-आठ हजारांनी. जुन्या गाडीचा भाव त्याच्या मागोमाग थोडा उतरणारच, तेवीस हजारांनी मात्र उतरणार नाही. बातमीतलं खरं कारण पुढे केलं की पुढचा आकडा कुणी तपासत नाही. गिऱ्हाईक ओळखीचं, बातमी खरी, गाडी समोर उभी, तेव्हा मास्तरांनी यूपीआयने 2 हजार इसार दिला. बाकीचे 40 हजार दसऱ्याला सकाळी रोख द्यायचे आणि गाडी घरी न्यायची, असं ठरलं.

मास्तर भोळे नाहीत. सांगलीत जुनी गाडी घेताना पहिली भीती असते ती पुरातल्या गाडीची. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून, पॉलिश करून बाहेरगावी किंवा दोन-तीन वर्षांनी इथेच विकली जाते. म्हणून ते ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गेले. मिस्त्रीने काम नीट केलं. हेडलाइटच्या काचेच्या आत आणि मीटरच्या कडेला गाळाची रेघ आहे का ते पाहिलं. एअर फिल्टरचा डबा उघडला, त्याच्या तळाशी माती बसलेली असते. सीट उचलून वायरिंगचे सॉकेट सोडवले, कारण पाणी गेलेल्या सॉकेटमधल्या पितळी पिना हिरव्या पडतात आणि त्या पुसून जात नाहीत. सगळं कोरडं, स्वच्छ होतं. इंजिनचा आवाजही चांगला होता. मिस्त्री म्हणाला, "मास्तर, डोळे झाकून घ्या. गाडी एक नंबर हाय."

आणि ते खरंच होतं. गाडीत काहीही खोट नव्हती. या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. स्वस्त गाडी म्हटलं की आपण इंजिनकडे धावतो, मिस्त्री नेतो, चक्कर मारून बघतो आणि गाडी चांगली निघाली की सुटकेचा श्वास टाकतो. पण चालू स्थितीतली धडधाकट गाडी बाजारभावापेक्षा एक तृतीयांश कमी किमतीत मिळत असेल, तर उरलेला तृतीयांश कुणीतरी कुठेतरी भरणार असतो. तो कोण आणि किती, हे फक्त कागदावर कळतं.

कार्डाची दुसरी बाजू

मास्तर पिग्मी मोडायला आले तेव्हा मी कागद मागितले. त्यांच्याकडे पिशवीत तीन गोष्टी होत्या. आरसी कार्डाची झेरॉक्स, मालकाच्या सह्या असलेले फॉर्म 29 आणि फॉर्म 30, आणि मोबाईलमध्ये विम्याच्या पॉलिसीचा फोटो. आरटीओच्या दारात ज्याला टीटी फॉर्म म्हणतात ते हेच दोन फॉर्म. 29 म्हणजे मालकी बदलल्याची सूचना आणि 30 म्हणजे नाव चढवण्याचा अर्ज. दोन्हींवर खाली सह्या होत्या आणि वर सगळं कोरं होतं. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, रक्कम नाही.

झेरॉक्सकडे पाहिलं तर ती कार्डाच्या एकाच बाजूची होती. आत्ताच्या आरसी कार्डाच्या पुढच्या बाजूला गाडीचा नंबर, नोंदणीची तारीख, चेसिस आणि इंजिन नंबर, मालकाचं नाव-पत्ता असतो. मागच्या बाजूला कंपनी, मॉडेल, रंग, सीसी, वजन असा गाडीचा तपशील असतो आणि तिथेच, गाडी कर्जावर असेल तर, कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव छापलेलं असतं. मी विचारलं, "मास्तर, मागची बाजू कुठाय?"

"तेवढीच दिली की."

"तुम्ही कापड घेताना उलटी बाजू बघितल्याशिवाय कात्री लावता का?"

ते काही बोलले नाहीत, पण चष्मा काढून झेरॉक्स पुन्हा पाहू लागले. मी त्यांच्याच मोबाईलवर mParivahan ॲप उघडून गाडीचा नंबर टाकला. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, तरी सुरुवातीची अक्षरं कार्डाशी जुळत होती. नोंदणीची तारीख जुळली. विमा चालू दिसला. आणि फायनान्सरच्या जागी एका वित्त कंपनीचं नाव होतं.

ज्यांनी कधी कर्जावर गाडी घेतली नाही त्यांच्यासाठी हे समजावून सांगायला हवं. गाडी कर्जाने घेतली की ती रस्त्यावर कर्जदाराच्या नावाने धावते, पण आरटीओच्या नोंदीत कर्ज देणाऱ्याचा बोजा चढतो. सातबारावर बँकेचा बोजा असतो तसाच. मोटार वाहन कायदा, 1988 मधल्या कलम 51 प्रमाणे अशा गाडीची मालकी कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाही. म्हणजे सह्या केलेले टीटी फॉर्म कितीही खरे असले तरी आरटीओच्या खिडकीवर ते परत येणार. आधी वित्त कंपनीची एनओसी आणि तिच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 लागतो, त्यावरून बोजा उतरतो आणि मग नाव बदलतं. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिलेला विक्रीचा करार, जो एजंट मास्तरांना दसऱ्याला देणार होता, त्याने आरटीओच्या नोंदीतलं एक अक्षरही हलत नाही.

इथे एक गोष्ट मी मास्तरांना मुद्दाम सांगितली. ॲपवर बोजा दिसतोय म्हणजे कर्ज थकलंय, असं लगेच धरायचं नाही. पुष्कळ लोक शेवटचा हप्ता भरतात, एनओसी घरी येते, ती कपाटात पडते आणि बोजा उतरवायला आरटीओत कुणी जातच नाही. एनओसीवर बहुधा तीन महिन्यांची मुदत असते, ती उलटली की पुन्हा कंपनीकडून नवी आणावी लागते. आमच्याच संस्थेतून कर्ज फेडलेल्या सभासदांच्या गाड्यांवर वर्षानुवर्षं बोजा तसाच असतो. तेव्हा बोजा दिसला म्हणून समोरच्याला चोर ठरवता येत नाही. फक्त पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

तो प्रश्न मास्तरांनी माझ्यासमोरच एजंटाला फोनवर विचारला. उत्तर आलं, "कर्ज कवाच फिटलंय मास्तर. एनओसी कंपनीकडनं यायचीय, आठ दिवसांत आणून देतो. तुम्ही गाडी तर घेऊन जावा, सणाचा दिवस सोडू नका."

कर्ज फिटलंय का, हे कसं कळणार

वित्त कंपनीच्या शाखेत जाऊन विचारावं असं वाटणं साहजिक आहे. मास्तर गेलेही. तिथल्या मुलीने नम्रपणे सांगितलं की कर्जदार स्वतः आल्याशिवाय खात्याची माहिती देता येणार नाही. तिचं बरोबर होतं, आम्हीही देत नाही. म्हणजे बाहेरच्या माणसाला थकबाकीचा आकडा मिळायचा सरळ रस्ता नाही.

पण आकडा न कळताही माणूस ओळखता येतो. मी मास्तरांना सांगितलं, एजंटापुढे एकच प्रस्ताव ठेवा. मालकाने, आखातात असेल तर त्याच्या घरच्यांनी, कंपनीकडून कर्ज पूर्ण बंद करण्याच्या रकमेचं पत्र काढावं. ती रक्कम मास्तर थेट कर्जखात्यात भरतील आणि कंपनीची पावती घेतील. एनओसी आणि फॉर्म 35 हातात आला की ठरलेल्या किमतीतून ती रक्कम वजा करून उरलेले पैसे मालकाला देतील. कर्ज खरंच फिटलेलं असेल, तर वजा करायला काहीच नाही, फक्त कागद येईपर्यंत थांबायचं. यात विकणाऱ्याचं कसलंही नुकसान नाही. अडचणीत सापडलेला पण सरळ माणूस याला लगेच तयार होतो, कारण त्याच्या डोक्यावरचं कर्ज उतरतं. आमच्याकडे थकलेल्या कर्जाच्या गाड्या याच पद्धतीने रीतसर विकल्या जातात, दोघेही सुटतात.

एजंटाने ते ऐकून घेतलं आणि आवाजच बदलला. माझ्यावर विश्वास नाही का, दुसरं गिऱ्हाईक 45 हजारांना तयार आहे, इसार बुडाला असं समजा, असं सगळं झालं. त्याने एकदाही असं म्हटलं नाही की, बरं, मालकाशी बोलून पत्र काढतो. तिथेच मास्तरांनी पिग्मीचा अर्ज माझ्याकडून परत घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

मालक तासगावजवळ सापडला

आरसीच्या झेरॉक्सवर मालकाचा पत्ता होता, तासगाव तालुक्यातल्या एका गावचा. मास्तरांच्या गिऱ्हाइकांत त्याच गावच्या एक बाई होत्या. त्यांच्याकडून निरोप गेला आणि दोन दिवसांत मालकाचाच फोन आला. आखातात कुठला, तो द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीच्या मजुरीवर होता. तिशीच्या आतला मुलगा. गाडी विकली जातेय हे त्याला मास्तरांकडूनच कळलं.

पुढच्या रविवारी तो सांगलीत आला आणि मास्तरांच्या दुकानात बसून सगळं सांगितलं. मीही होतो. 2023 च्या दसऱ्याच्या सुमाराला त्याने एका कंपनीत लागलेल्या नोकरीच्या भरवशावर गाडी घेतली. थोडे रोख भरले, 70 हजारांचं कर्ज, 36 हप्ते, हप्ता 2,530 रुपये. वीस हप्ते वेळेवर भरले. मग नोकरी गेली आणि हप्ता बाऊन्स व्हायला लागला. बाऊन्स झाला की कंपनीचा दंड, बँकेचा वेगळा दंड, त्यात वसुलीवाल्यांचे फोन. तेव्हा हा एजंट भेटला. तो म्हणाला, "गाडी मला दे, 12 हजार रोख घे, पुढचे हप्ते मी भरतो. कर्ज फिटलं की नावावर करून घेतो. या फॉर्मांवर सह्या कर." मुलाने गाडी दिली, कार्ड दिलं, कोऱ्या फॉर्मांवर सह्या केल्या. एजंटाने त्यानंतर एकही हप्ता भरला नाही. फोन मात्र अजून मुलालाच येत होते.

हे ऐकताना मास्तरांचा हात मशीनच्या चाकावर तसाच थांबला होता. मुलाला त्यांनी रागाने एक शब्द विचारला नाही. चहा मागवला आणि म्हणाले, "तुझं तर माझ्यापेक्षा जास्त गेलं रे बाबा."

आता हिशोब मांडता येत होता. 36 पैकी 20 हप्ते भरून झाल्यावर त्या कर्जाची मुद्दल साधारण 36 हजार राहते. लोकांना वाटतं निम्म्याहून जास्त हप्ते भरले म्हणजे निम्म्याहून बरंच कमी कर्ज उरलं. तसं नसतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. त्यात चार थकलेल्या महिन्यांचं व्याज आणि बाऊन्सचे दंड धरले की आकडा 40 हजारांच्या घरात जातो.

म्हणजे मास्तरांनी 42 हजार एजंटाला दिले असते आणि पुढे गाडी स्वतःच्या नावावर करायला गेले असते, तर वर 40 हजार कंपनीला भरल्याशिवाय ती होणार नव्हती. 65 हजारांची गाडी 82 हजारांना पडली असती, तीही जुनी. प्रामाणिक सौदा कसा झाला असता? 65 हजारांतले 40 हजार कंपनीला आणि 25 हजार मुलाला. मास्तरांना वाजवी दरात बिनबोजाची गाडी मिळाली असती आणि मुलाला 12 ऐवजी 25 हजार मिळून कर्जही संपलं असतं. एजंटाने कर्ज जिथल्या तिथे ठेवलं, मुलाला 12 हजार दिले आणि मास्तरांकडून 42 हजार घ्यायला निघाला. मधले 30 हजार त्याचे. स्वस्ताई आली होती ती इथून. गाडीवरचं कर्ज किमतीत धरलंच नव्हतं, म्हणून किंमत कमी दिसत होती.

गाडी घरी नेली असती तर

पहिले काही महिने काहीच कळलं नसतं, हा या फसवणुकीतला सगळ्यात वाईट भाग आहे. गाडी चालते, पेट्रोल मिळतं, पोलिसांनी अडवलं तर कार्ड आणि पीयूसी दाखवता येतो. मास्तरांनी कुपवाडचं काम घेतलं असतं, माल पोचवायला लागले असते. मग एखाद्या दिवशी वित्त कंपनीच्या माणसांनी भर रस्त्यात किंवा दुकानासमोरून गाडी ओढून नेली असती. आणि त्या गाडीवर मास्तरांचा हक्क सांगणारा कागद कुठलाच नसता. नोंदणी मुलाच्या नावावर, बोजा कंपनीचा, मास्तरांकडे फक्त नोटरीचा करार, तोही ज्याची गाडी नाही अशा माणसाने करून दिलेला.

विम्याचंही तसंच. एजंटाने फोटो दाखवून "पाच वर्षांचा इन्शुरन्स हाय" असं सांगितलं होतं. सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेताना तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला झालेल्या इजेचा, विमा पाच वर्षांचा एकदम काढावाच लागतो. तो चालू होता. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एका वर्षाचा होता आणि तो केव्हाच संपला होता. आणि नाव बदललेलं नसताना अपघात झाला, तर कोर्टाची नोटीस आधी नोंदीतल्या मालकाच्या दारात जाते. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे मास्तरांच्या हातून काही झालं असतं, तर तासगावच्या त्या मुलाला आणखी एक ओझं. कोऱ्या टीटी फॉर्मवर सही करून गाडी देणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

पुढे काय झालं

मास्तरांनी दिवाळीनंतर विश्रामबागेतल्या एका निवृत्त शिक्षिकेची स्कूटर घेतली. गाडीचं वय थोडं जास्त, किंमत 58 हजार. पिग्मीतले पैसे आणि आमच्याकडून छोटं कर्ज. या वेळी कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं. मिस्त्रीने चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेले सतराही अक्षर-आकडे कार्डाशी एकेक करून जुळवले. जिथे नंबर ठोकलेला असतो तिथला पत्रा घासलेला, रंग वेगळा किंवा अक्षरं वरखाली असतील, तर ॲपवर सगळं स्वच्छ दिसूनही गाडी चोरीची असू शकते, म्हणून हे हातानेच बघावं लागतं. गाडीवर दंडाची चलनं बाकी आहेत का, तेही पाहिलं. एक चलन निघालं, ते बाईंनी तिथेच भरलं. टीटी फॉर्म सगळे रकाने भरून, दोघांनी समोरासमोर सह्या करून दिले आणि पैसे बाईंच्या खात्यावर गेले, रोखीत नाही. कायद्याने विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. दोघांनी एकाच दिवशी अर्ज केला. बाईंनाच घाई होती, गाडी आपल्या नावावर एक दिवसही जास्त नको, असं त्या म्हणाल्या आणि ते मला फार आवडलं.

कुपवाडचं गणवेशाचं काम मास्तरांनी आता घेतलंय, सुरुवातीला एका पाळीच्या कामगारांचं.

एजंटाने 2 हजारांचा इसार परत दिलेला नाही. यूपीआयच्या नोंदीत त्याचं नाव आणि तारीख आहे, फोनवरचे मेसेज आहेत, ते घेऊन मास्तरांनी पोलीस ठाण्यात तक्रारअर्ज दिलाय. त्याच अर्जासोबत तासगावच्या मुलाचाही अर्ज आहे. गाडी कुठल्या तारखेला कुणाच्या ताब्यात दिली, किती रक्कम घेतली आणि सह्या केलेले कोरे फॉर्म कुणाकडे आहेत, हे त्याने त्यात लिहिलंय. त्याची एक प्रत त्याने वित्त कंपनीच्या शाखेत देऊन पोच घेतली, म्हणजे उद्या गाडी कुणाकडे सापडली तर आपण ती कधी सोडली याचा कागद त्याच्याकडे राहील. थकीत हप्त्यांसाठी कंपनीने त्याला दंडात सूट देऊन तीन टप्प्यांत भरायची मुभा दिलीय. पहिला टप्पा त्याने छाटणीच्या मजुरीतून भरला. गाडी अजून मिळालेली नाही.